नववीचं गणित कच्चं आहे: घरी शिकवणी लावावी की ऑनलाइन डाऊट सॉल्व्हिंग घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमातल्या नववीच्या पालकांसाठी आहेत. मी स्वतः घरी जाऊन गणित शिकवतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे असणार ते उघड आहे. वाचताना तेवढं वजा करा.

थेट सांगा, घरची शिकवणी चांगली की ऑनलाइन प्लॅटफॉर्म?

मूल कुठल्या इयत्तेत अडलंय त्यावर हे ठरतं. नववीच्या पुस्तकातलंच काही अडत असेल, म्हणजे मागचं जमतं पण करणींचं परिमेयीकरण किंवा अवयव सिद्धांत डोक्यात शिरत नाही, तर डाऊट सॉल्व्हिंगवर काम भागतं आणि पैसेही वाचतात. पण अडचण सहावी-सातवीतली असेल, अपूर्णांक आणि वजा चिन्हं डळमळीत असतील, तर निदान सुरुवातीचे काही महिने समोर बसून शिकवणारं माणूसच हवं.

याचं कारण साधं आहे. या प्लॅटफॉर्मवर आधी मुलाने शंका विचारावी लागते. शंका विचारायची तर आपलं कुठल्या ओळीत अडलं हे कळायला हवं. मागचं कच्चं असलेल्या मुलाला नेमकं तेच कळत नसतं. “काय समजलं नाही?” असं विचारलं की तो “सगळंच” म्हणतो, आणि ते खरंच असतं.

मूल कुठे अडलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आम्हाला स्वतःला गणित येत नाही.

येण्याची गरज नाही. खालची नऊ उदाहरणं कागदावर उतरवून द्या. कॅल्क्युलेटर नको, वेळेचं बंधन नको. खोडरबर मात्र लपवून ठेवा, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहू दे.

१. −4 − 3
२. (−4) × (−3)
३. 2/3 + 1/4
४. 5(2x − 3) हा कंस सोडव
५. 3x + 7 = 22, तर x किती?
६. २४० चे १५ टक्के
७. रेषीय जोडीतला एक कोन ६५°, दुसरा किती?
८. त्रिकोणाचे दोन कोन ५०° आणि ६०°, तिसरा किती?
९. एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवले की ३१ येतात, ती संख्या कोणती?

उत्तरं क्रमाने: −7, 12, 11/12, 10x − 15, 5, ३६, ११५°, ७०°, १३.

यात नववीचं काहीच नाही, सगळं आठवीपर्यंतचं आहे. किती बरोबर आली यापेक्षा कुठली चुकली ते पाहा. पहिल्याचं उत्तर +7 किंवा −1 आलं, तिसऱ्याचं 3/7 आलं, चौथ्याचं 10x − 3 आलं, तर मागचा पाया ढासळलेला आहे. पाचवं सुटतं आणि नववं अडतं, तर गणितापेक्षा भाषेतून समीकरण मांडणं अडतंय. तोही शिकवणीचाच विषय, पण कमी वेळात सुटणारा. नऊच्या नऊ बरोबर आली आणि तरीही शाळेत गुण कमी पडत असतील, तर सरावाचा किंवा लिहिण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. शिकवणीवर खर्च करण्याआधी वर्गशिक्षकांना भेटून उत्तरपत्रिका पाहा.

एक गोष्ट मात्र करा. चुकलेल्या उदाहरणापाशी “हे कसं केलंस ते बोलून दाखव” एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मध्येच “अरे, एवढंही येत नाही?” असं निघालं की मूल पुढे खरं सांगायचं बंद होतं, आणि मग शिकवणाऱ्यालाही पहिले दोन आठवडे नुसता विश्वास कमवावा लागतो.

डाऊट सॉल्व्हिंग प्लॅटफॉर्म नक्की काय देतात?

बहुतेक ठिकाणी तीन प्रकार असतात. प्रश्नाचा फोटो काढून टाकला की त्यांच्या साठ्यातलं तयार उत्तर किंवा व्हिडिओ समोर येतो. दुसऱ्या प्रकारात माणूस चॅटवर पायऱ्या लिहून पाठवतो. तिसऱ्यात थोड्या वेळासाठी समोरासमोर व्हिडिओ कॉल मिळतो. जाहिरातीत तिसरा दाखवतात. मूल रोज वापरतं ते पहिला, कारण उत्तर लगेच मिळतं. पॅकेज घेण्याआधी व्हिडिओ कॉल महिन्यात किती आणि किती मिनिटांचे, हे विचारून घ्या.

उत्तर बरोबर येतं, पायऱ्याही असतात. मग अडचण काय?

एक उदाहरण पूर्ण पाहू. भाग १ मधलं पाचवं प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे.

x + 2y = 11
2x − 3y = −6

मुलाने पहिल्या समीकरणातून x = 11 − 2y असं घेतलं, जे बरोबर आहे. ते दुसऱ्यात ठेवलं:

2(11 − 2y) − 3y = −6
22 − 4y − 3y = −6

इथपर्यंतही ठीक. पुढच्या ओळीत त्याने लिहिलं:

22 + 7y = −6

“वजा वजा अधिक” हे त्याने पाठ केलेलं आहे. ते गुणाकारासाठी आहे, इथे दोन वजा पदं एकत्र करायची आहेत, हा फरक सातवीत निसटला आणि तसाच राहिला. मग 7y = −28, y = −4 आणि x = 11 + 8 = 19.

आता खरी गंमत. मुलगा हुशारीने ताळा करतो. पहिल्या समीकरणात किमती ठेवतो: 19 + 2(−4) = 11. जुळलं! तो खूश होतो. पण x ची किंमत त्याने त्याच समीकरणातून काढली होती, त्यामुळे y काहीही आला असता तरी तिथे ताळा जुळणारच होता. ताळा करायचा तो दुसऱ्या समीकरणात: 2(19) − 3(−4) = 50, आणि हवं होतं −6.

हाच प्रश्न फोटो काढून टाकला की स्क्रीनवर येतं: −7y = −28, म्हणून y = 4, x = 3. बरोबर, स्वच्छ, चार-पाच ओळींत. मुलगा आपलं खोडतो, ते उतरवतो, आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा “वजा वजा अधिक” करतो. कारण त्या उत्तराने त्याची चूक पाहिलेलीच नाही, प्रश्न तेवढा पाहिला. शेजारी बसलेल्या माणसाची नजर उत्तरावर न जाता −4y − 3y वर थांबते. तो तिथेच पेन्सिल ठेवून विचारतो, “चार रुपये उसने घेतले, मग आणखी तीन घेतले, आता देणं किती?” मुलगा “सात” म्हणतो आणि मग स्वतःच +7y कडे बघतो.

चॅटवर माणूस असेल तर हेच तिथेही होऊ शकतं. त्यासाठी प्रश्नाचा फोटो न पाठवता मुलाने स्वतः सोडवलेल्या वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा आणि लिहायचं, “उत्तर १९ आणि −४ आलं, कुठली ओळ चुकली तेवढंच सांगा, पूर्ण सोडवू नका.” ही एक सवय लागली तर प्लॅटफॉर्मचे पैसे वसूल.

भूमितीसाठी ऑनलाइन चालेल का?

राज्य मंडळाच्या मुलांना इथे सर्वांत जास्त त्रास होतो, आणि तो भाषेपासून सुरू होतो. पुस्तकात मुलगा छेदिका, व्युत्क्रम कोन, दूरस्थ आंतरकोन असं शिकतो. बरेचसे व्हिडिओ इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. हिंदीत व्युत्क्रम कोनाला ‘एकांतर कोण’ म्हणतात. हुशार मूल ते जुळवून घेतं. कच्चं मूल हा काहीतरी नवाच कोन आहे असं समजून आणखी घाबरतं.

सेमी इंग्रजीवाल्यांचा गुंता वेगळा. त्यांना शब्द इंग्रजीत माहीत असतात, पण सीबीएसईच्या व्हिडिओत एकरूप त्रिकोणांच्या पुढच्या ओळीला कारण म्हणून CPCT लिहितात, आणि आपल्या पुस्तकात बाजू असेल तर c.s.c.t., कोन असेल तर c.a.c.t. अर्थ एकच, पण मुलाने CPCT लिहिलं की शाळेतल्या मॅडम विचारतात, हे कुठून आणलं? बाकोबा, कोबाको या कसोट्यांची नावं मराठी माध्यमात जशी तोंडात बसतात, तशी दुसऱ्या भाषेतून ऐकून बसत नाहीत.

सिद्धतेत आणखी एक अडचण येते. सिद्धता वाचली की समजते, कोरी वही समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. समोर बसलेला शिक्षक आकृती काढून देतो आणि विचारतो, “पक्षात काय दिलंय? मग आकृतीत खुणा कर.” समान बाजूंवर रेघोट्या आणि समान कोनांवर कमानी काढल्या की कुठले दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे ते बऱ्याचदा आपोआप दिसतं. व्हिडिओत या खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात, म्हणजे विचार करायचा भागच तयार मिळतो. भूमिती कच्ची असेल तर मी स्पष्टपणे घरच्या शिकवणीकडे झुकेन.

त्रिकोण रचना मात्र व्हिडिओवरून छान शिकता येते. कंपास कुठे ठेवला आणि चाप कसा मारला, हे दहा वेळा मागे नेऊन पाहता येतं, आणि त्याचा कंटाळा व्हिडिओला येत नाही.

घरी येणारे सर किंवा मॅडम निवडताना काय पाहावं?

पदवी विचारा, पण त्यावर थांबू नका. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा नववीचं प्रत्येक गणित मनात सोडवेल, तरी −4 − 3 मध्ये काय अडू शकतं हे त्याला कळेलच असं नाही. निवृत्त शिक्षकांना चुकांचा अनुभव दांडगा असतो, पण काही जण जुन्या पुस्तकाच्या पद्धतीने शिकवतात. सध्याचं नववीचं बालभारतीचं पुस्तक २०१७ सालचं आहे. ते त्यांच्याकडे आहे का ते पाहा.

एक तास डेमो घ्या आणि त्या तासात एकच गोष्ट बघा: पेन कुणाच्या हातात आहे? तासभर सर लिहितायत आणि मूल मान हलवतंय, तर तो घरात आलेला व्हिडिओच झाला. वर दिलेली नऊ उदाहरणं सोडवलेला कागद त्यांच्यासमोर ठेवा. चांगला शिक्षक तो वाचून मुलाला दोन-तीन प्रश्न विचारतो आणि मग सांगतो की आधी हे दुरुस्त करू. “काळजी करू नका, सिलॅबस संपवून देतो” असं पहिलंच वाक्य आलं, तर दुसरा शिक्षक शोधा.

शाळेतल्याच सरांना घरी बोलवावं असं अनेकांना वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. आग्रह करून त्यांना अडचणीत आणू नका. शाळेच्या वेळेत शंका विचारायला मात्र काहीच हरकत नाही, आणि ते फुकट आहे.

शिकवणी हॉलमध्ये घ्या, दार उघडं ठेवा, टीव्ही बंद ठेवा. यात भिडस्तपणा नको.

आठवड्यातून किती तास आणि फी कशी ठरवायची?

पाया कच्चा असेल तर आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी एक ते सव्वा तास. रोज तास ठेवला की मूल शिक्षकासमोरच अभ्यास करतं आणि एकट्याने करायचं विसरतं. मधला मोकळा दिवस त्यासाठीच हवा.

फी शहर, इयत्ता आणि शिक्षकाप्रमाणे खूप बदलते, म्हणून तुलना नेहमी तासामागे करा. समजा महिन्याला ४,८०० रुपये आणि बारा तास, तर तासाला ४०० पडले. वर्षाच्या ऑनलाइन पॅकेजचा असाच हिशेब करताना ‘हजारो व्हिडिओ’ धरू नका. प्रत्यक्ष माणसाशी बोलायला मिळणारी मिनिटं धरा. आकडा बऱ्याचदा वाटतो तेवढा स्वस्त निघत नाही. सुट्ट्या पडल्या तर तास भरून मिळणार का, हे आधीच बोलून घ्या. दिवाळीनंतर त्यावरून वाजतं.

प्लॅटफॉर्मवाले दहावीपर्यंतचं पॅकेज घ्या म्हणतात, सूट मोठी आहे. घ्यावं का?

नको. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं घ्या. ‘सोपे हप्ते’ म्हणून जे सांगतात ते अनेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं: कंपनीला पैसे एकरकमी मिळतात आणि तुम्ही वित्तसंस्थेचे हप्ते भरत राहता. मुलाने दुसऱ्या महिन्यात ॲप उघडणं बंद केलं तरी हप्ता थांबत नाही. कंपनी मोठी आहे हा दिलासाही पुरेसा नाही. बायजूजच्या मागच्या ‘थिंक अँड लर्न’ या कंपनीवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, आणि एके काळी घरोघरी तिचीच जाहिरात होती. सही करण्याआधी पैसे परत मिळण्याची मुदत किती दिवसांची आणि रद्द करायचं तर कुठे लिहायचं, हे फोनवर न ऐकता ईमेलवर मागा.

आमच्या गावात नववीचं गणित घरी येऊन शिकवणारं कुणी नाही. मग?

तर डाऊट सॉल्व्हिंग सोडून ऑनलाइन पण एकास एक शिकवणारा शिक्षक शोधा. शहरात स्थायिक झालेल्या नात्यातल्या एखाद्या ताई-दादाला गणित येत असेल तर तेही चालतं. अट एकच: कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर नको, वहीवर हवा. मोबाइल दोन जाड पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून कॅमेऱ्याचा भाग कडेबाहेर काढला की खाली ठेवलेलं वहीचं पान दिसतं. शिक्षकाला ओळ लिहितानाच दिसली तर घरच्या शिकवणीचा बराचसा फायदा मिळतो.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात. दीक्षा ॲपने ते स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य मोफत मिळतं, आणि ते आपल्याच पुस्तकाच्या भाषेत असतं. मागच्या इयत्तांची पुस्तकंही ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतात. सहावी-सातवीचं पुस्तक नववीच्या मुलाला देताना लाज वाटेल असं काही करू नका, नुसती ती पानं छापून द्या.

वर्ष अर्धं संपलं. सगळं होणार नाही, तर काय आधी घ्यावं?

जे दहावीत परत येणार आहे ते. संच हे प्रकरण दहावीच्या पुस्तकात स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे शाळेच्या परीक्षेपुरतं करून पुढे जा. दोन चलांतील रेषीय समीकरणे हे मात्र दहावीच्या भाग १ चं पहिलंच प्रकरण आहे. बहुपदीतले अवयव जमले नाहीत तर वर्गसमीकरणं अडतात. भाग २ मधलं त्रिकोण प्रकरण समरूपतेसाठी लागतं, आणि निर्देशक भूमिती व त्रिकोणमिती दोन्ही दहावीत पुढे वाढवलेल्या आहेत. ही पाच प्रकरणं पक्की झाली तर दहावीच्या सुट्टीत करण्यासारखं फार उरत नाही. दहावीला भाग १ आणि भाग २ चे लेखी पेपर प्रत्येकी ४० गुणांचे असतात, म्हणून भूमिती ऑप्शनला टाकायचा विचारही करू नका.

शिकवणी आणि प्लॅटफॉर्म दोन्ही एकदम लावलं तर?

सुरुवातीला नको. मूल शिकवणीचा गृहपाठ फोटो काढून सोडवतं, वही सुंदर दिसते, आणि सरांनाही महिनाभर कळत नाही. वही अचानक एकदम नीटनेटकी झाली, खाडाखोड संपली, तर आनंदू नका, त्यातलंच एक उदाहरण आकडे बदलून समोर करायला सांगा.

तीन-चार महिन्यांनी, मागचं भरून आल्यावर, शिकवणी आठवड्यातून एका दिवसावर आणा आणि मग प्लॅटफॉर्म सुरू करा. त्यासाठी एक शंकावही ठेवा: सरावसंच क्रमांक, कुठल्या ओळीपर्यंत आलं, पुढे काय करून पाहिलं. हे तीन रकाने भरल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. रकाने भरता भरताच बऱ्याच शंका सुटतात.

सुधारणा होतेय हे कशावरून कळेल?

पहिल्या घटक चाचणीचे गुण पाहून घाई करू नका. शिक्षक सातवीचं दुरुस्त करत असेल आणि चाचणी नववीची असेल तर गुण लगेच हलत नाहीत. चुकीची जागा हलतेय का ते पाहा. पूर्वी दुसऱ्या ओळीत चुकायचा, आता पाचव्या ओळीत चुकतो. पूर्वी कोरं सोडायचा, आता अर्धं लिहून येतो. लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे याचा फायदा आधी दिसतो. सहा आठवड्यांनी वरची नऊ उदाहरणं आकडे बदलून पुन्हा द्या. तेव्हाही −4 − 3 च्या जातीचं उदाहरण चुकत असेल, तर शिक्षकाशी बोला, नाहीतर शिक्षक बदला.

खूप प्रयत्न केले, तरी आकडेच उलटसुलट होतात. हा आळस आहे का?

५२ चे २५ होणं, घड्याळ वाचताना अडणं, हातच्याचा आकडा रोज विसरणं, हे लहानपणापासून चालत आलं असेल तर डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांशी संबंधित अध्ययन अक्षमता, असू शकतो. त्यावर ना शिकवणीने भागतं ना ॲपने; आधी तपासणी हवी. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत अशी तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि त्यांचा अर्ज शाळेमार्फत जातो. तपासणीच्या तारखा आणि कागदपत्रं यांत महिने जातात, म्हणून शंका असेल तर दहावीची वाट न पाहता नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.